दोन वर्षांचं लेकरू हसत हसत शिवी देतं, तेव्हा पहिल्या तीन सेकंदांत काय करायचं?

रात्रीची जेवणं चालू आहेत. ताटाशेजारची वाटी कलंडते, वरण सांडतं आणि सव्वादोन-अडीच वर्षांचं पोरगं एकदम खणखणीत आवाजात 'भ'च्या बाराखडीतला एक शब्द उच्चारतं. वर सगळ्यांकडे बघून गोड हसतं.

हा प्रसंग बऱ्याच घरांत कधी ना कधी घडतो. मग कोणी फिस्सकन हसतं, कोणाचा घास अडकतो, कोणी डोळे वटारतं, आणि एखादा मामा मोबाईल काढून म्हणतो, "परत म्हण, परत म्हण ना!"

हा शब्द चार दिवसांत विरून जाणार की दोन महिने घरात मुक्काम ठोकणार, हे बरंचसं या पहिल्या काही सेकंदांवर ठरतं. आधी समजून घ्यायला हवं ते हे, की इतके शब्द कानावर पडत असताना लेकराच्या तोंडी नेमका हाच का बसला.

शिवी इतक्या लवकर पाठ का होते?

दीड ते तीन वर्षांच्या वयात मुलांचा शब्दसंग्रह झपाट्याने वाढतो. दीड वर्षाचं असताना चार-दोन डझन शब्दांवर भागवणारं मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत शेकडो शब्द बोलायला लागतं. यातले बरेचसे शब्द त्याला कोणी बसून शिकवलेले नसतात, इकडून तिकडून ऐकून उचललेले असतात.

सुसान केरी आणि एल्सा बार्टलेट या संशोधक बायकांनी 1978 साली एक प्रयोग केला होता. बालवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना त्यांनी सहज बोलता बोलता एका हिरवट रंगाच्या ट्रेसाठी 'क्रोमियम' हा शब्द ऐकवला. ना शिकवणी, ना घोकंपट्टी. तरी काही दिवसांनी तपासलं तेव्हा अनेक मुलांना त्या शब्दाचा काही ना काही माग राहिला होता. एखादा नवा शब्द एक-दोनदा कानावर पडला तरी मूल त्याच्यासाठी डोक्यात जागा करून ठेवतं.

आता क्रोमियमच्या जागी शिवी ठेवून बघा. 'क्रोमियम' हा शब्द साध्या आवाजात आला होता. शिवी मात्र मोठ्या आवाजात येते, पहिल्या अक्षरावर जोर देऊन येते आणि बऱ्याचदा एकटी येते. लांबलचक वाक्यातून शब्द सुटा करायचं अवघड काम लेकराला करावंच लागत नाही. शिवाय ती नेहमी काहीतरी घडल्यावर येते. कॅच सुटला, बाईक आडवी आली, गॅसवर दूध उतू गेलं. मोठ्या माणसाचा चेहरा बदलतो, आवाज चढतो आणि त्याच क्षणी तो शब्द बाहेर पडतो. लक्षात राहण्यासाठी शब्दाला जे जे लागतं ते सगळं शिवीकडे आयतंच असतं.

फक्त एक गोष्ट तिच्याबरोबर येत नाही, ती म्हणजे अर्थ. अडीच वर्षांच्या मुलाला त्या शब्दातला अपमान माहीत नसतो, त्यातला शरीराचा किंवा नात्याचा उल्लेखही माहीत नसतो. त्याच्या लेखी तो 'काहीतरी पडलं की म्हणायचा शब्द' असतो. म्हणूनच वाटी पडल्यावर मूल तो अगदी योग्य जागी वापरतं, आणि नेमकं हेच बघून मोठ्यांना वाटतं की याला सगळं कळतंय.

टिमोथी जे हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं फक्त शिव्यांचाच अभ्यास करत आलेत. क्रिस्टिन जे यांच्यासोबत त्यांनी 2013 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी'मध्ये लहान मुलांच्या शिव्यांवर एक अभ्यास छापला. एक-दोन वर्षांच्या मुलांच्या तोंडीही असे काही मोजके शब्द सापडतात आणि वय वाढेल तशी ही यादी वाढत जाते, असं त्यात दिसून आलं. थोडक्यात, हे आपल्याच घरात घडलेलं अघटित नाही.

आपल्याकडे तर शिवीला सणाचाही मान आहे. शिमग्याला बोंब मारायची आणि त्या दिवशी दिलेली शिवी मनाला लावून घ्यायची नाही, ही जुनी रीत. सातारा जिल्ह्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांत तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. 'बोरीचा बार' म्हणतात त्याला. मोठ्यांना कळतं की हे आजच्यापुरतं आहे. काठावर आईच्या कडेवर बसलेल्या लेकराला ते कसं कळावं?

लेकरू बोलल्यावर कुठे बघतं?

आता मुद्द्याचं. त्याच शिवीमागे वेगवेगळी कारणं असू शकतात आणि कारण बदललं की उपायही बदलतो. कारण ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे शब्द उच्चारल्यानंतर मुलाची नजर कुठे जाते ते बघणं.

काही मुलं तो शब्द एकटी असताना, खेळताना किंवा झोपेच्या आधी अंथरुणात पुटपुटतात. कोणाकडे बघत नाहीत. शब्द उलटासुलटा करतात, त्याला यमक जोडतात, गाण्यासारखा म्हणतात. हा निव्वळ आवाजाचा खेळ असतो. रुथ वीअर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या अडीच वर्षांच्या मुलाची झोपेआधीची बडबड टेपवर घेऊन 1962 साली तिच्यावर पुस्तकच लिहिलं होतं. अंधारात एकटं पडलेलं ते पोर दिवसभराचे शब्द आणि वाक्यं फिरवून फिरवून सराव करत होतं. अशा वेळी शिवी हा फक्त सरावाला घेतलेला आणखी एक शब्द असतो. तिथे आत जाऊन काहीही करायची गरज नाही. दार लोटून घ्यावं.

काही मुलं बघतात ते घडलेल्या गोष्टीकडे. ठोकळ्यांचा मनोरा कोसळला, शब्द आला, नजर ठोकळ्यांवरच. या मुलाला उद्गार हवा आहे. कोणीतरी दाखवलंय की काही पडलं की असं म्हणतात, आणि त्याच्याकडे दुसरा शब्द नाही. त्याला दुसरा द्यावा लागतो.

आणि तिसरी मुलं शब्द टाकतात आणि लगेच थेट तुमच्या तोंडाकडे बघतात. ओठांच्या कोपऱ्यात हसू तयारच असतं. ही मुलं तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं त्याची वाट बघत असतात. घरोघरी ज्याचा ताप होतो तो हा तिसरा प्रकार. गंमत म्हणजे सुरुवातीला यातली बरीच मुलं पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातली असतात. त्यांना तिसऱ्या प्रकारात नेऊन बसवतात ते घरातले मोठेच.

त्याआधी एक छोटी खात्री करून घ्यावी. लेकरू म्हणतंय तो शब्द खरंच शिवी आहे ना? या वयात मुलं जोडाक्षरं गाळतात, 'क'चा 'त' करतात, 'र'चा 'ल' करतात. काकाचा ताता होतो. बोबड्या बोलीत एखादा साधा शब्द भलताच ऐकू येऊ शकतो. दोन-तीनदा ऐकून, कशाला उद्देशून म्हणतंय ते बघून मगच ठरवावं.

एका घराचं उदाहरण

हे कसं घडतं ते नीट बघायला एक प्रातिनिधिक घर घेऊ. पिंपरी-चिंचवडमधली एक सोसायटी. घरात आई, बाबा, आजी आणि दोन वर्षं चार महिन्यांची मुलगी. तिला चिऊ म्हणू. शनिवारी मामा जेवायला आलाय.

संध्याकाळी आजी चिऊला घेऊन खाली पार्किंगपाशी बसली होती. मोठी पोरं क्रिकेट खेळत होती. कॅच सुटला, बॉलर ओरडला. चिऊने ऐकलं. बस, एवढंच.

रात्री वाटी कलंडली आणि चिऊ तोच शब्द बोलली, 'ड'च्या जागी 'द' घालून. मामा खो खो हसला. आजी म्हणाली, "अगं बाई! मुलीच्या जातीला शोभतं का हे?" आई म्हणाली, "काय? काय म्हणालीस?" बाबांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "कोणी शिकवलं तुला हे?"

आता हेच चिऊच्या उंचीवरून बघा. एका शब्दाने चार मोठी माणसं एकाच वेळी जेवायची थांबली. चौघांचे चेहरे तिच्याकडे वळले. एकजण हसतोय, एकीचे डोळे मोठे झालेत, दोघांनी तिला प्रश्न विचारला. 'पाणी' म्हटल्यावर असं होत नाही. 'आई, बघ' दहा वेळा म्हटल्यावरही होत नाही. तिच्या छोट्याशा शब्दकोशात आज एक जादूचा शब्द आला.

रागावणं आणि हसणं यातला फरक तिला कळत नाही असं नाही. कळतो. पण या वयात लक्ष मिळणं हेच मोठं बक्षीस असतं, आणि रागातून आलेलं लक्षही लक्षच असतं. त्यात एक हसतोय आणि तिघे रागावतात, म्हणजे निकाल काय लागला ते तिला समजत नाही. समजत नसेल तर अडीच वर्षांचं मूल एकच करतं. पुन्हा करून बघतं.

बाबांच्या प्रश्नाचंही तसंच. या वयात एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती कुठून कळली हे आठवणं, या वेगवेगळ्या क्षमता आहेत. दुसरी बरीच उशिरा, चार-पाच वर्षांपासून पुढे हळूहळू पक्की होते. त्यामुळे 'कोणी शिकवलं' याला चिऊ समोर दिसेल त्याचं नाव सांगेल. "आजी." मग आजी आणि बाबांचं जे काही होईल ते वेगळंच.

मुलगी आहे म्हणून जास्त कडक आणि मुलगा असता तर 'बघा कसा वाघ आहे', असं अनेक घरांत चालतं. नुकसान दोघांचंही होतं. मुलीच्या शब्दाला भीतीचं वजन मिळतं आणि मुलाच्या शब्दाला टाळ्यांचं. दोन्ही वजनांनी शब्द घट्टच बसतो.

रविवारी चिऊ तो शब्द अकरा वेळा बोलली असं धरू. आता घरातल्यांनी काय करावं?

कोरा चेहरा, आणि तोही सगळ्यांचा

पहिली गोष्ट म्हणजे शब्दाला मिळणारं बक्षीस बंद करायचं. शब्द आला की चेहरा बदलायचा नाही, भुवया उचलायच्या नाहीत, एकमेकांकडे बघायचं नाही, आणि पहिल्या तीन सेकंदांत काहीच बोलायचं नाही. हातातलं काम चालू ठेवायचं. मग साध्या आवाजात जे घडलंय त्याबद्दल बोलायचं. "वरण सांडलं. चल, फडकं आणू."

इथे बहुतेकांची गल्लत होते. दुर्लक्ष करायचं ते शब्दाकडे, मुलाकडे नाही. शिवी आली म्हणून तोंड फिरवून अबोला धरला, तर तीही एक मोठी प्रतिक्रियाच झाली. दात-ओठ खात गप्प बसणं हेही दुर्लक्ष नव्हे. मुलं चेहरा वाचण्यात हुशार असतात. हसू आवरत नसेल तर सरळ खाली वाकून फडकं शोधावं किंवा पाणी प्यायला उठावं.

दुसरी गोष्ट, रिकाम्या जागी काहीतरी द्यायचं. चिऊला 'काही पडलं की म्हणायचा शब्द' हवाच आहे. तो काढून घेऊन हात रिकामा ठेवला तर ती जुन्याकडेच परत जाणार. मराठीत असे उद्गार मुबलक आहेत. 'अरेच्चा', 'बापरे', 'धडाम', 'हात्तिच्या'. यात 'धडाम' आणि 'हात्तिच्या' मुलांना विशेष आवडतात, कारण त्यांत शिवीसारखाच ठोसा आहे. नुसतं 'अरे' म्हणून भागत नाही, बदली खेळाडूही तोडीचा लागतो. (हात्तिच्या म्हणजे तरी काय, 'तिच्या' पर्यंत येऊन थांबलेली शिवीच. 'च्यायला'मध्ये तर आई पूर्ण आलेलीच आहे. पण भाषेने हे शब्द इतके घासून गुळगुळीत केलेत की आज्यासुद्धा सहज वापरतात. कुठला शब्द घरात चालेल ते ज्याने त्याने ठरवावं.)

हा नवा शब्द शिकवायचा नाही, वापरायचा. आईच्या हातून चमचा पडला की आईने म्हणायचं, "हात्तिच्या!" आणि जे नाट्य शिवीच्या वेळी झालं, ते सगळं इथे करायचं. डोळे मोठे करायचे, हसायचं, टाळी द्यायची. चिऊने एकदा 'हात्तिच्या' म्हटलं की चौघांनी तिच्याकडे बघायचं. बक्षीस तेच, फक्त दुकान बदललं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण ती चिऊशी नाही, मोठ्यांशी संबंधित आहे. हे चौघांनी मिळून करावं लागतं. तिघांनी चेहरा कोरा ठेवला आणि एकटा मामा दर शनिवारी येऊन हसला, तर शब्द नुसता टिकत नाही, आणखी पक्का होतो. बक्षीस दर वेळी मिळत असेल तर ते बंद झालेलं लवकर कळतं. कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय लागली असेल तर माणूस प्रयत्न सोडत नाही, कारण 'पुढच्या वेळी मिळेल' ही आशा कायम राहते. लॉटरीचं तिकीट याच कारणाने पुन्हा पुन्हा घेतलं जातं. म्हणून घरातल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं.

आजीला सांगायची पद्धत वेगळी, मामाला सांगायची वेगळी. "आई, तुम्ही ओरडलात की तिला वाटतं आजी खेळतेय. दोन आठवडे ऐकलंच नाही असं करू या आपण," असं म्हटलं तर आजी सहसा ऐकते. नातवंडाच्या वळणाची काळजी तिला सगळ्यांत जास्त असते. मामाला मात्र स्पष्टच सांगावं लागतं, "दादा, हसू आलं तर गॅलरीत जा."

मधल्या तीन-चार दिवसांत गोष्ट बिघडल्यासारखी वाटते

हा भाग माहीत नसल्यामुळे बरेच पालक अर्ध्यात सोडून देतात.

सोमवारी सगळ्यांनी चेहरा कोरा ठेवला. मंगळवारी चिऊ तो शब्द कमी वेळा बोलायला हवी होती. पण झालं उलटंच. ती मोठ्याने बोलायला लागली. आजीच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोलली. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंसमोर बोलली. घरातल्यांना वाटलं, बघा, मोकळीक दिली तर डोक्यावर बसली.

खरं तर हे उपाय लागू पडत असल्याचं लक्षण आहे. कालपर्यंत चालणारं बटण आज चालत नाही, तेव्हा आपण काय करतो? जोरात दाबतो. तीन-चार वेळा दाबतो. मगच सोडून देतो. रिमोटचे सेल संपल्यावर सगळेच हे करतात. चिऊही बटण जोरात दाबून बघतेय. या वेळी कोणी एकाने जरी "पुरे गं आता!" म्हणून आवाज चढवला, तर तिला कळतं की बटण चालतं, फक्त जास्त जोर लागतो. पुढच्या वेळी ती थेट त्याच जोरापासून सुरुवात करेल.

हे चढण बहुतेक वेळा काही दिवसांचं असतं. नुसत्या अंदाजावर राहू नये, कारण वैतागलेल्या माणसाला प्रत्येक दिवस कालच्यापेक्षा वाईटच वाटतो. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज किती वेळा शब्द आला त्याच्या रेघा माराव्यात. रविवारी अकरा, मंगळवारी सोळा, गुरुवारी नऊ, पुढच्या सोमवारी तीन, असं काहीसं दिसलं तर गाडी रुळावर आहे. दोन आठवडे होऊनही आकडा हलत नसेल, तर कुठेतरी बक्षीस चालूच आहे. ते शोधावं. पाळणाघरात मावशी हसत असतील, खालची मोठी पोरं चिऊकडून मुद्दाम बोलवून घेत असतील, किंवा एखादं मोठं भावंड दाद देत असेल.

लिफ्टमधल्या काकूंचं काय करायचं? तिथे दोन मोह होतात. मुलाला काकूंसमोर दटावून आपण चांगले पालक आहोत हे दाखवायचं, किंवा त्याच्याकडून 'सॉरी' म्हणवून घ्यायचं. दोन्हीमुळे शब्दाची किंमत वाढते. काकूंना हळू आवाजात, "ऐकून आलाय शब्द, आम्ही मुद्दाम लक्ष देत नाहीये," एवढं सांगितलं की पुरतं. बहुतेक काकूंनी हे आपल्या घरी पाहिलेलं असतं.

तोंडाला तिखट लावणं, चापट मारणं हे जुने उपाय अजूनही सुचवले जातात. तिखटाने लहान मुलाच्या तोंडाची, डोळ्यांची भयंकर आग होते, ठसका लागून श्वास अडकू शकतो. आणि ज्या शब्दाचा अर्थच मुलाला माहीत नाही, त्याच्याबद्दलची शिक्षा त्याला शब्दाशी जोडताही येत नाही. मारणाऱ्याशी मात्र ती जोडली जाते. तो शब्द मग त्या माणसासमोर बंद होतो आणि तो बाहेर गेला की चालू होतो.

तो व्हिडिओ

मामाने काढलेल्या व्हिडिओबद्दल वेगळं बोलायला हवं. बोबड्या आवाजातली शिवी ऐकायला गंमतशीर असते हे खरं, आणि असे रील चालतातही. पण चिऊसाठी व्हिडिओचा अर्थ काय होतो? कॅमेरा समोर आला की हा शब्द म्हणायचा. वर घरातले तो व्हिडिओ दहा वेळा लावून हसतात आणि चिऊ शेजारी बसून बघते. घरातल्यांनी महत्प्रयासाने बंद केलेलं बक्षीस मोबाईलवर पुन्हा पुन्हा वाटलं जातं.

फॅमिली ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ ग्रुपमध्ये राहत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. चिऊ पंधरा वर्षांची होईल तेव्हाही तो कोणाच्या तरी फोनमध्ये असेल, आणि टाकण्याआधी तिला कोणी विचारलेलं नव्हतं. काढला असेल तर ग्रुपवर टाकण्याआधीच पुसून टाकावा. आधीच गेला असेल तर निदान 'पुढे पाठवू नका' असं स्पष्ट लिहावं.

खालच्या पोरांचं आणि घरातल्यांचं

शब्द कुठून आला ते कळलं तर साहजिकच तिकडे बोलावंसं वाटतं. पार्किंगमधल्या पोरांवर ओरडून किंवा सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकून फारसं हाती लागत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिवी ही मोठं झाल्याची खूण वाटते, ती तक्रारीने आणखी चमकते. त्यापेक्षा त्यांच्यातल्या कॅप्टनला बाजूला घेऊन सांगावं, "अरे, ही तुमची नक्कल करते. परवा घरी तुमचाच शब्द बोलली. ती खाली असेल तेव्हा जरा सांभाळा ना." आपण कोणाचे तरी हिरो आहोत हे ऐकून पोरं थोडी ओशाळतात आणि बऱ्याचदा सांभाळतातही.

चिऊला खाली न्यायचं बंद करणं हा उपाय नाही. एका शब्दापायी तिची माती, झोका आणि मित्रमंडळ जाईल.

आणि शब्द खरोखर बाहेरचाच आहे का, हेही तपासावं. 'बाहेरून शिकला' असं म्हणणाऱ्या घरात सिग्नलला गाडी अडली की पुढच्या सीटवरून काय ऐकू येतं? मागच्या सीटवरचं मूल त्या वेळी झोपलेलं नसतं. मोठ्या माणसाच्या तोंडून चुकून गेलंच, तर "अगं बाई, बघ बाबा काय बोलला!" असा गाजावाजा करू नये. साध्या आवाजात पुढचं वाक्य बोलावं आणि दुसऱ्या दिवसापासून सिग्नलला 'हात्तिच्या' म्हणावं.

दुर्लक्ष कुठे पुरत नाही

साधारण तिसऱ्या वर्षानंतर चित्र बदलायला लागतं. मूल शब्द माणसाला उद्देशून वापरू लागतं. खेळणं हिसकावणाऱ्या ताईला, आंघोळीला ओढणाऱ्या आईला. आता ते चेहरा बघायला नाही, टोचायला बोलतंय. अर्थ अजूनही माहीत नसतो, पण याने समोरच्याला लागतं हे माहीत झालेलं असतं. इथे नुसतं गप्प राहणं बरोबर नाही, कारण समोरच्याला खरंच लागलेलं असतं.

तेव्हा एकच छोटं वाक्य, शांतपणे, मुलाच्या उंचीवर येऊन. "हा शब्द आपण माणसांना म्हणत नाही. राग आलाय ना? 'मला राग आला' म्हण." शब्दाचा अर्थ सांगत बसू नये, भाषणही देऊ नये. रागाला जागा द्यावी आणि आंघोळ टाळू नये. शिवी दिल्यामुळे आंघोळ टळली, तर शिवीला लक्षापेक्षाही मोठं बक्षीस मिळालं. शिवीबरोबर मारणं, चावणं, वस्तू फेकणं असेल, तर त्याकडे दुर्लक्ष अजिबात करायचं नसतं. तिथे आधी हात धरून थांबवायचं, मग बोलायचं.

क्वचित शिवी हा मुद्दाच नसतो. मूल दोन वर्षांचं होऊन गेलं तरी स्वतःचे दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, आणि ऐकलेली वाक्यंच जशीच्या तशी म्हणत राहतं, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून भाषेची वाढ आणि कानाची तपासणी करून घ्यावी. त्या वाक्यांत शिवी आहे की बडबडगीत, याने तिथे फरक पडत नाही.

बाकी बहुतेक घरांत दोन-तीन आठवड्यांत शब्द मागे पडतो. मध्येच कधीतरी, बालवाडी सुरू झाल्यावर किंवा गावाकडे लग्नाला जाऊन आल्यावर, तो किंवा त्याचा भाऊबंद पुन्हा उगवतो. तेव्हा तोच कोरा चेहरा, तेच फडकं, तेच 'हात्तिच्या'. चार वर्षांच्या आसपास चिऊ स्वतःच येऊन कानात विचारेल, "आई, तो शब्द वाईट आहे का गं?" त्या दिवसापासून तिच्याशी शब्दांबद्दल उघड बोलता येईल, कारण आता तिला ते समजू लागलंय.